मामांच्या अ‍ॅपात २३ लाख दिसताहेत, शुक्रवारपर्यंत आणखी साडेचार भरायचे आहेत. काय करू?

सिन्नरकर (मंगळवार, रात्री ११:२०)

मंडळी, जरा घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझे मोठे मामा सरकारी नोकरीतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. एप्रिलच्या शेवटी फेसबुकवर जाहिरात पाहून ते एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात शिरले. ग्रुपाचं नाव एका नामांकित ब्रोकिंग कंपनीचं, पुढे 'व्हीआयपी ४२'. १६० लोक आहेत. एक 'प्रोफेसर' रोज सकाळी नऊला शेअर सुचवतो आणि त्याची सहायक मॅडम प्रत्येकाला वेगळा मेसेज करून 'जेवलात का सर' विचारते. (मामी हे ऐकून हसली होती. आता हसत नाही.)

मॅडमने पाठवलेल्या लिंकवरून अ‍ॅप घेतलं. आधी २० हजार भरले, दोन आठवड्यांनी ३ हजार काढून बघितले, ते खरंच बँकेत आले. मग ८० हजार, दीड लाख, दोन लाख, आणि परवाच्या शनिवारी पुन्हा दीड लाख. एकूण सहा लाख. अ‍ॅपात शिल्लक दिसते २३ लाख ४० हजार.

आता मूळ गोष्ट. ग्रुपात सगळ्यांना एका आयपीओसाठी अर्ज करायला लावला. मामांनी 'अप्लाय' दाबलं. सोमवारी मेसेज आला, अभिनंदन, तुम्हाला ९,००० शेअर लागले. ३१० रुपयांचा भाव. म्हणजे २७ लाख ९० हजार. शिल्लक २३ लाख ४०, कमी पडतात साडेचार लाख. शुक्रवारी चारपर्यंत भरले नाहीत तर खातं गोठवणार, सिबिल खराब होणार आणि सेबी कारवाई करणार.

मामा उद्या एफडी मोडायला निघालेत. मी म्हटलं हे फसवं आहे, तर म्हणाले, 'तुला शेअरमधलं काय कळतं?' खरं सांगायचं तर मला काहीच कळत नाही. त्यांना पटेल असं काय दाखवू?

तर्री_जास्त (११:३१)

ज्या ब्रोकरची बाई 'जेवलात का' विचारते तो ब्रोकर नाही. माझा ब्रोकर मी जिवंत आहे की नाही हेही विचारत नाही.

ट्रेडरबुवा (११:४४)

सोपं आहे. अ‍ॅप प्ले स्टोअरवर आहे का बघा. असेल तर खरं, नसेल तर खोटं. आणि ग्रुपवाल्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. देऊ शकला नाही तर ब्लॉक करा. मी गेली सहा वर्षं ट्रेडिंग करतोय, आजवर फसलेलो नाही.

सिन्नरकर (११:५२)

बुवा, सेबीचं प्रमाणपत्र ग्रुपाच्या वर्णनातच लावलंय. गोल शिक्का, INH ने सुरू होणारा क्रमांक, सगळं. मी सेबीच्या साइटवर शोधला, तो क्रमांक खरा निघाला! म्हणूनच तर माझीही बोलती बंद झाली.

भाऊसाहेब_डी (बुधवार, सकाळी ६:५०)

मी नाशिकला एकवीस वर्षं एका सब-ब्रोकरकडे बॅक ऑफिस सांभाळलं. आता मोकळा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सिन्नरकर, क्रमांक खराच असणार. तो कुणातरी प्रामाणिक माणसाचा आहे आणि त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नाही. प्रमाणपत्र हा फोटो आहे, फोटो कुणीही चिकटवतो. सेबीच्या यादीत त्या क्रमांकासमोर जो फोन आणि ईमेल आहे, त्यावर तुम्ही स्वतः फोन करून विचारा, 'हा ग्रुप तुमचा का?' ग्रुपातल्या नंबरवर नव्हे. शिवाय INH हा संशोधन विश्लेषकाचा क्रमांक असतो. विश्लेषक सल्ला देतो आणि त्याची फी घेतो. शेअर घेण्यासाठी तुमचे पैसे घ्यायचा त्याला अधिकारच नाही. ते काम ब्रोकरचं, त्याचा क्रमांक INZ ने सुरू होतो.

बुवा, प्ले स्टोअरचं तुमचं अर्धं बरोबर आहे. लिंकवरून उतरवलेलं अ‍ॅप म्हणजे धोका, हे खरं. पण स्टोअरवर आहे म्हणून खरं, हे चूक. हिशेबवही किंवा बातम्यांचं अ‍ॅप म्हणून वर चढवतात आणि आत उघडलं की ट्रेडिंगचा पडदा. काही दिवसांनी ते उडतं, नवीन नावाने परत येतं.

आता आयपीओ. मामांना एवढं एकच समजावून सांगितलंत तरी पुरे. खऱ्या आयपीओत अर्ज करतानाच तुमच्या अर्जाची पूर्ण रक्कम तुमच्याच बँक खात्यात अडकवून ठेवतात. यूपीआयवर मँडेट येतो, तुम्ही पिन टाकता, रक्कम खात्यातच राहते, फक्त हात लावता येत नाही. शेअर लागले तर तेवढी कापली जाते, नाही लागले तर मोकळी होते. म्हणजे अर्ज केला त्यापेक्षा जास्त शेअर लागूच शकत नाहीत आणि 'लागले पण पैसे कमी पडले' ही अवस्था येऊच शकत नाही. मामांना विचारा: अर्ज केला त्या दिवशी बँकेतून २८ लाख अडकल्याचा मेसेज आला होता का? बँकेत तेवढे होते का?

दुसरं, छोट्या गुंतवणूकदाराच्या कोट्यात अर्ज दोन लाखांपर्यंतच करता येतो. त्यावर गेलात तर वेगळ्या गटात. चांगल्या आयपीओत आमच्याकडे लोक एका लॉटसाठी घरातल्या पाच जणांच्या नावाने अर्ज करायचे आणि एकालाही लागायचा नाही. इथे १६० जणांच्या ग्रुपात सगळ्यांनाच हजारोंनी लागले!

गोदाकाठ (७:१५)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सहा लाखांचे दोन महिन्यांत २३ लाख होतात यावर विश्वास ठेवणाऱ्याला कोण वाचवणार? हा लोभ आहे.

कुंदा_रत्नागिरी (७:४०)

गोदाकाठ, मी त्या 'लोभी' लोकांपैकी एक. पंधरा हजार भरले होते. लोभ होता, कबूल. पण त्या ग्रुपात पहिले वीस दिवस पैशाचं नावही काढत नाहीत हो. रोज सकाळी शिकवणी, कॅंडल कशी वाचायची, संध्याकाळी प्रश्नमंजुषा. मी वही केली होती! आणि सुचवलेले दोन-तीन शेअर खरंच वर गेले होते, बाजारच चढा होता. लोभ नंतर येतो, आधी बाई आपली काळजी घेते असं वाटतं.

पण माझं खरं दुखणं वेगळंच. मीही मामांसारखे थोडे पैसे 'काढून बघितले' होते, ४,८०० रुपये. खात्यात आले म्हणून खूश. दीड महिन्यानंतर माझं पगाराचं खातं बंद! बँकेत गेले तर म्हणतात दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचं पत्र आहे. ते ४,८०० कुठून आले होते माहितेय? तिथल्या एका फसलेल्या माणसाच्या खात्यातून फिरून आलेले. त्याने तक्रार केली, पैशाचा माग काढत पोलीस माझ्यापर्यंत. म्हणजे त्यांच्या लेखी मीही साखळीतली एक. दोन-अडीच महिने पगार अडकला होता. सिन्नरकर, मामांच्या त्या ३ हजारांवर लक्ष ठेवा.

सिन्नरकर (८:०५)

बाप रे. हे तर डोक्यातच आलं नव्हतं. आमच्यासाठी तर तो ३ हजारांचा मेसेज हाच 'पुरावा' होता.

आबा_बँकवाले (८:३०)

तोच तर गळाला लावलेला तुकडा. मी बँकेतून निवृत्त आहे. मला एक सांगा, मामांनी जे पाच वेळा पैसे भरले ते कुणाच्या खात्यात? पासबुक बघून नावं लिहा. अ‍ॅपात काय लिहिलंय ते नको.

अनिवासी_अण्णा (९:१०)

मी न्यू जर्सीत असतो. मलाही भारतात आयपीओसाठी अर्ज करायचा आहे. एनआरओ खात्यातून होतं का? कुठला ब्रोकर स्वस्त पडेल?

तर्री_जास्त (९:१४)

अण्णा, मामांच्या ग्रुपात जागा आहे. सगळ्यांना लागतो.

सिन्नरकर (दुपारी १:२५)

आबा, मामींनी पासबुकाचा फोटो पाठवला. पाच वेळा, पाच वेगळी खाती. पहिलं कुणा हार्डवेअर दुकानाचं, दुसरं 'एंटरप्रायझेस' काहीतरी, तिसरं सरळ एका बाईच्या नावाचं, चौथं रेडिमेड कपड्यांचं, पाचवं पुन्हा 'ट्रेडर्स'. बँका वेगवेगळ्या, शहरं वेगवेगळी. ब्रोकर कंपनीचं नाव एकातही नाही. मामा म्हणतात मॅडमने आधीच सांगितलं होतं, कर वाचवण्यासाठी कंपनी 'सहयोगी खाती' वापरते. दर वेळी भरायच्या आधी ग्रुपावर नवीन खातं मागायचं आणि अर्ध्या तासात भरायचं, असा नियम आहे.

आबा_बँकवाले (१:५०)

अर्ध्या तासाचा नियम का, ते सांगतो. ती खाती भाड्याची असतात. कुणीतरी गरीब पोरगा किंवा बुडीत निघालेला दुकानदार काही हजारांसाठी पासबुक, कार्ड, सिम सगळं देऊन टाकतो. तक्रार आली की ते खातं गोठतं, म्हणून रोज नवं लागतं. आलेला पैसा तासाभरात पुढच्या चार-पाच खात्यांत फुटतो. खऱ्या ब्रोकरच्या खात्याचं नाव म्हणजे ब्रोकरचंच नाव, आणि ते वर्षानुवर्षं बदलत नाही.

काउंटरवर आम्ही विचारायचो, 'काका, हे कुणाला पाठवताय?' तर उत्तर ठरलेलं, 'भाच्याला.' ते उत्तर ग्रुपवरच शिकवतात. तुमच्या मामांनीही दीड लाख पाठवताना बँकेत काय सांगितलं ते विचारून बघा.

भाऊसाहेब_डी (२:१५)

आबांनी दुखती नस पकडली. त्यात भर घालतो. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी वेगळे यूपीआय पत्ते आणले आहेत. ब्रोकरच्या पत्त्यात `.brk@valid` आणि पुढे बँकेचं नाव येतं, पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठा दिसतो. शिवाय सेबीच्या साइटवर 'सेबी चेक' आहे, तिथे खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की ते नोंदणीकृत संस्थेचं आहे का ते कळतं. मामांच्या पाच खात्यांपैकी शेवटचं एक त्यांच्याच हाताने टाकून बघायला लावा. तुम्ही टाकू नका, त्यांनाच टाकू द्या.

ट्रेडरबुवा (२:४०)

भाऊसाहेब, पण मी माझ्या ब्रोकरला नेटबँकिंगने पैसे पाठवतो, तिथे कुठे हिरवा त्रिकोण येतो? मग माझा ब्रोकरही खोटा का?

भाऊसाहेब_डी (३:०५)

बरोबर पकडलंत. तो पत्ता वापरायची सक्ती ग्राहकावर नाही, नेटबँकिंग किंवा एनईएफटी चालतंच. त्रिकोण दिसला नाही एवढ्यावरून खोटं ठरत नाही. पण 'सेबी चेक'मध्ये खातं कपड्याच्या दुकानाचं निघालं तर मग विचार करण्यासारखं काही उरत नाही.

सिन्नरकर (रात्री १०:३०)

आजचा वृत्तांत. भाऊसाहेबांचा आयपीओचा मुद्दा मी मामांना सांगितला. ते पाच मिनिटं गप्प बसले. मग मॅडमला मेसेज केला. तिचं उत्तर तीन मिनिटांत, 'सर, तो नियम रिटेलसाठी आहे. आपलं खातं संस्थात्मक आहे, परदेशी गुंतवणूकदारांच्या कोट्यातून. ते डिपॉझिटरीत दिसत नाही.' आणि ब्लॉक डीलमध्ये शेअर १५ टक्के स्वस्त मिळतात ते याच कोट्यातून म्हणे. मामा पुन्हा तिकडे झुकले. त्यांना 'संस्थात्मक' हा शब्द फार आवडलाय.

एक बरं झालं, बँकेतल्या मुलीने एफडी मोडायचा अर्ज घेतला पण साहेब नाहीत, उद्या या म्हणाली. मामींनी तिला आधीच फोन केला होता. हे मामांना सांगायचं नाही.

भाऊसाहेब_डी (गुरुवार, सकाळी ६:३५)

मामी हुशार आहेत.

हा 'संस्थात्मक खातं' प्रकार इतका जुना झालाय की सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्येच त्यावर इशारा काढला. त्यात साफ लिहिलंय की परदेशी गुंतवणूकदारांचा मार्ग भारतात राहणाऱ्यांना, मोजके अपवाद सोडले तर, खुला नाही आणि शेअरबाजारात असं 'संस्थात्मक खातं' नावाचं काही नसतं. शेअर घ्यायचे तर स्वतःच्या नावाचं डिमॅट लागतं. ते पत्रक मामांना सेबीच्या साइटवर दाखवा.

ब्लॉक डील खरं असतं, पण तो मोठ्या लोकांचा खेळ. एका सौद्याची किमान रक्कम पूर्वी १० कोटी होती, आता २५ कोटी. आणि भाव आधारभूत भावाच्या तीन टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो. मग १५ टक्के स्वस्त कुठून आणणार?

पण मला वाटतं मामांशी वाद घालत बसू नका. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला मॅडमचं उत्तर येणार. असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर मॅडमच्या हातात नाही. शेअर खरेच असतील तर अ‍ॅपाच्या बाहेर त्यांची कुठेतरी नोंद असलीच पाहिजे. तुम्ही सौदा केलात की त्या संध्याकाळी एनएसई किंवा बीएसईकडून मोबाइलवर मेसेज येतो. महिन्याला डिपॉझिटरीचं, म्हणजे आपले शेअर जिथे नोंदलेले असतात त्या संस्थेचं, एकत्रित विवरणपत्र ईमेलवर येतं, पॅनवर जितकी डिमॅट खाती आहेत त्या सगळ्यांचं. मामांना दोन महिन्यांत यातलं एकतरी आलं का? आणि आयपीओचं वाटप रजिस्ट्रारच्या साइटवर पॅन टाकून दिसतं, बीएसईच्या साइटवरही दिसतं. ९,००० शेअर लागले म्हणताय ना, टाका पॅन.

पेठेतला_पुणेकर (७:२०)

यापेक्षा सोपा उपाय आहे. म्हणावं, २३ लाखांतले ५० हजार काढून दाखवा. काढता आले तर आम्ही गप्प.

वकीलबाई_ठाणे (८:०५)

उपाय चांगला आहे, पण एक गोष्ट त्याआधी करा. ग्रुपातल्या कुणालाही संशय आलाय असं दाखवण्याआधी सगळं जपून ठेवा. एकदा का वाद घातलात की ते ग्रुपातून काढतात, गप्पा त्यांच्या बाजूने पुसतात आणि अ‍ॅप उघडणंच बंद होतं. व्हॉट्सअ‍ॅपमधून चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. ग्रुपाची लिंक, अ‍ॅडमिन आणि मॅडमचे नंबर, अ‍ॅपच्या प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट, जिथून अ‍ॅप उतरवलं ती लिंक. बँकेकडून प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक.

आणि मामांना पटेपर्यंत थांबू नका, असं मी म्हटलं असतं, पण तक्रार त्यांनाच करावी लागेल. १९३० वर फोन किंवा cybercrime.gov.in. फोनवर सगळ्यात आधी शनिवारचा दीड लाखाचा व्यवहार सांगा, जुने नंतर. जुना पैसा बहुधा निघून गेलाय. ताज्यातलं काही वाटेत सापडलं तर बँक ते रोखून धरते. एक एक तास महत्त्वाचा आहे, आणि तुमचे तर पाच दिवस गेलेत.

सिन्नरकर (दुपारी ३:४०)

झालं. म्हणजे, काहीतरी झालं.

आधी चॅट एक्स्पोर्ट केलं. मग मामांना म्हटलं, भांडण नको, तुम्हीच तपासा. चष्मा लावून त्यांनी स्वतः बीएसईच्या साइटवर पॅन टाकला. नोंद सापडली नाही. दुसऱ्यांदा टाकला. मग म्हणाले, 'संस्थात्मकचं इथे दिसत नसेल.' पण आवाज उतरला होता.

मग ५० हजार काढायची विनंती टाकली. दहा मिनिटांत मॅडम हजर. '१७ लाख ४० हजार नफ्यावर २० टक्के कर, म्हणजे ३ लाख ४८ हजार, आधी भरावा लागेल. सरकारी नियम आहे सर.' आणि गंमत बघा, मामा म्हणतात, 'हे मात्र खरं आहे, अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर आहेच. पेपरात आलं होतं.'

भाऊसाहेब_डी (३:५८)

दर खरा आहे! २३ जुलै २०२४ पासून १५ चा २० झाला. खोटं आहे ते वसूल करणं. तुम्ही-आम्ही भारतात राहणारे, आपला तो कर ब्रोकर घेत नाही. आपण विवरणपत्र भरताना किंवा आगाऊ कराच्या हप्त्यात सरकारला स्वतः भरतो. ब्रोकर कापतो तो सौद्यावरचा एसटीटी नावाचा वेगळा कर, तोही सौद्याच्या बिलातच.

अनिवासी_अण्णा (४:२०)

असं कसं? माझा तर शेअर विकल्यावर कर कापूनच पैसे येतात. दर वेळी.

भाऊसाहेब_डी (४:३५)

अण्णा, तुम्ही अनिवासी, तुमचा टीडीएस कापतात. पण तुम्हीच काय लिहिलंत ते पुन्हा वाचा. *कापून* येतात. विकून आलेल्या पैशातून कापतात, बाहेरून आणून भरायला कुणी सांगितलं का तुम्हाला?

सिन्नरकर, मामांना एवढंच विचारा. खात्यात २३ लाख ४० हजार आहेत, त्यातून ३ लाख ४८ हजार कापून घ्या आणि उरलेले द्या. का जमत नाही?

तर्री_जास्त (४:४१)

कारण चित्रातल्या म्हशीचं दूध काढता येत नाही.

सिन्नरकर (रात्री ९:५०)

मामांनी तो प्रश्न स्वतः टाइप केला. 'मॅडम, माझ्याच शिलकीतून कापा.' उत्तर, 'सिस्टीम परवानगी देत नाही सर.' पुन्हा विचारलं तर प्रोफेसरचा थेट फोन. इंग्रजीत ओरडत होता. मामा आयुष्यभर साहेबांची बोलणी खाल्लेला माणूस, पण फोन ठेवून म्हणाले, 'हा कुठल्याच ऑफिसातला वाटत नाही.'

सहा वाजता १९३० ला फोन लागला. यूटीआर वाचून दाखवताना मामांचा हात थरथरत होता, मीच वाचले. पोचक्रमांक मिळाला. एफडी शाबूत आहे.

गोदाकाठ (१०:१०)

माझ्या कालच्या प्रतिसादाबद्दल माफ करा. एफडी वाचली हे उत्तम झालं.

वकीलबाई_ठाणे (१०:२५)

छान. आता दोन गोष्टी. पोचक्रमांक घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्या, नुसत्या फोनवर थांबू नका. आणि मामांच्या त्या ३ हजारांमुळे कुंदाताईंसारखं खातं गोठलं, तर बँकेकडून कुठल्या ठाण्याचं पत्र, कुठला तक्रार क्रमांक, किती रक्कम हे लेखी मागा. वादातली रक्कमच अडकवावी, सगळं खातं नको, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय. बँका लगेच ऐकतील याची खात्री देत नाही, पण अर्जात लिहायला आधार होतो.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी फोन करेल, 'आम्ही तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा.' कधी वकील म्हणून, कधी सायबर सेलचा अधिकारी म्हणून. त्यांच्याकडे मामांचं नाव, रक्कम, सगळं असेल, कारण यादी त्याच लोकांनी विकलेली असते.

कुंदा_रत्नागिरी (१०:४०)

आला होता मला. आवाज त्याच मॅडमचा वाटला, शपथ.

ट्रेडरबुवा (११:०५)

एक शंका. त्या ग्रुपात १६० जण होते, ते सगळे फसलेले का?

भाऊसाहेब_डी (शुक्रवार, सकाळी ६:४०)

नाही हो. बहुतेक त्यांचीच माणसं. रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे, 'सरांमुळे मुलीचं लग्न झालं' म्हणणारे, सगळे पगारी किंवा एकाच माणसाचे दहा नंबर. खरे मासे किती हे बाहेरून कळत नाही. कुंदाताईंच्या ग्रुपात किती होते देव जाणे.

सिन्नरकर (शनिवार, सकाळी ११:१५)

अपडेट देतो आणि गप्प बसतो.

काल पोलीस ठाण्यात जाऊन आलो. शनिवारच्या दीड लाखांपैकी ४१ हजार दुसऱ्या टप्प्यातल्या एका खात्यात सापडले, ते रोखलेत. ते परत मिळायला किती दिवस लागतील ते नाही सांगितलं. बाकीच्याचं काही नाही.

शुक्रवारी चार वाजून गेले. खातं गोठवलं नाही, सेबी आली नाही. उलट मॅडमने मुदत सोमवारपर्यंत वाढवून दिली, 'तुमच्यासाठी खास.' पोलिसांनी अ‍ॅप काढू नका म्हणून सांगितलंय, तर ते मोबाइलमध्ये तसंच आहे. रात्री मामा बाल्कनीत बसून ते उघडून बघत होते. मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, 'आज २४ लाख १० हजार झाले.'

बुवांनी विचारलं होतं ना, ग्रुपात खरे किती. ते मी मामांना वाचून दाखवलं, तेव्हा कळलं की एक तरी नक्की खरा आहे. मामांचे शाळेपासूनचे मित्र, निवृत्त मास्तर. मामांनीच मे महिन्यात त्यांना आपला ३ हजारांचा मेसेज दाखवला आणि ग्रुपात घेतलं. मास्तरांनाही आयपीओ लागलाय. फोन उचलत नाहीयेत. मामांनी सदरा घातलाय, आम्ही त्यांच्या घरी निघालोय.